चारपदर: एका गोधडीच्या दुकानाचं नाव कसं ठरलं

[दृश्य: साताऱ्याकडचं एक गाव, ओसरी. जमिनीवर पसरलेल्या सुती साड्या]

खाली एक साडी, वर एक साडी आणि मधे दोन जुनी, धुवून धुवून मऊ झालेली लुगडी. असे चार पदर एकावर एक सरळ पसरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, मग कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. बघा, मावशींचं बोट कापडाखाली आहे, टाका वरून दिसण्याआधी बोटाला कळतो. इकडे हिला वाकळ म्हणतात, बाकी बऱ्याच ठिकाणी गोधडी.

ज्या ताई या वाकळा ऑनलाइन विकतात त्यांना आधी दुकानाचं नाव ‘गोधडी’च ठेवायचं होतं. पण गोधड्या विकणाऱ्याला ‘गोधडी’ हा शब्द स्वतःच्या नावावर करता येत नाही, कारण ते वस्तूचंच नाव आहे, ट्रेडमार्क कायदा अशा शब्दाला सहसा नोंदणी देत नाही, आणि ते बरोबरच आहे, तो शब्द सगळ्यांचा आहे.

[दृश्य: वही, खोडलेली नावं]

ही वही बघा. ‘टाका’ छान वाटलेलं, पण इंग्रजी अक्षरांत सर्च केलं की बांगलादेशचं चलनच समोर येतं. मग ‘ऊब’. हे नाव ताईंचं फार लाडकं. त्यांनी दहा जणांना फोन लावला, नाव एकदाच सांगितलं आणि म्हणाल्या, आता हे इंग्रजीत टाइप करून पाठव. Oob, Ub, Uub, Oobh, सगळी तऱ्हा. म्हणजे ज्याला नाव ऐकून आवडलं ते माणूससुद्धा दुकानापर्यंत पोचणार नाही. आणि इंदूरची मैत्रीण म्हणाली, अगं, हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा! ते नाव तिथेच संपलं.

‘चारपदर’ सुचलं ते या ओसरीवरच. मावशी सहज बोलल्या, चार पदर घाल, तीनाची थंडीला पुरत नाही. पुन्हा दहा फोन, आठ जणांनी Charpadar असंच लिहिलं, उरलेल्या दोघांनी एक a जास्त टाकला, म्हणून ताईंनी दोन्ही स्पेलिंगचे डोमेन घेऊन ठेवले. मग ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर वर्ग 24 मधे, म्हणजे कापड आणि अंथरुणं-पांघरुणं यांच्या वर्गात, नुसतं तंतोतंत नाव नाही तर उच्चाराने जवळची नावंही शोधली. अर्ज नुसत्या शब्दासाठी केला, चित्रासाठी नाही, म्हणजे उद्या लोगो बदलला तरी नाव आपलंच. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी 4500 रुपये. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमधे नाव छापून आल्यावर 4 महिने कुणालाही हरकत घेता येते, आणि प्रमाणपत्र येईपर्यंत गोलातला आर लावायचा नाही.

[दृश्य: लोगोचे कागद, शेजारी फोन]

पहिला लोगो हा. नथ घातलेली बाई, सुई, भोवती सात रंगांचे तुकडे. कागदावर सुंदर आहे, पण फोनवरच्या प्रोफाइलच्या गोलात बघा, नुसता डाग दिसतो. खोक्यावर रबरी शिक्का मारला तर रंग गेले आणि रेघा बुजल्या, विणलेल्या लेबलवर तर एवढी बारीक रेघ बसतच नाही.

मग डिझायनरने मावशींचा दोरा बघितला. ‘चारपदर’ अक्षरांवरची शिरोरेखाच धावदोऱ्याची केली. आधी बारा टाके होते, लहान आकारात ते एकमेकांना चिकटून परत सरळ रेघच दिसायची, म्हणून कमी करत करत चारच ठेवले, लांब, मधे मोकळी जागा. आणि गोलात अक्षरं नाहीतच, फक्त चार टाके एकाखाली एक. एका रंगात, सेंटीमीटरभर जागेतसुद्धा ओळखू येतं. मूळ फाइल व्हेक्टरमधे, म्हणजे कितीही लहानमोठी केली तरी रेघ फुटत नाही अशी, आणि लोगोचे हक्क लेखी, हे दोन्ही ताईंनी पैसे देण्याआधीच ठरवून घेतलं.

[दृश्य: मावशी टाके घालताना, जवळून]

दुकानाची गोष्ट लिहिताना पहिला मसुदा होता ‘आजीच्या शंभर वर्षांच्या परंपरेतून’. ताईंच्या आजीने कधी वाकळ शिवली नव्हती. ते वाक्य काढलं हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या एका वाक्यामुळे खरोखर शिवणारी बाईच गोष्टीतून गायब होत होती. आता प्रत्येक वाकळीसोबत छोटं कार्ड जातं: कुणी शिवली, किती दिवस लागले, मधल्या थरात कुठलं कापड आहे, आणि कडेची पट्टी मशीनवर मारलीये हेसुद्धा. या कार्डावर मावशींनी आपलं नाव स्वतः लिहिलंय.

विक्री हळूहळू वाढतेय, परत येणारं गिऱ्हाईक आता नाव टाइप करून येतं.

[दृश्य: वाकळीचा कोपरा, लेबल]

लेबल शेवटी लागतं. चार टाके छापलेले, आणि ते जागेवर धरायला मावशींचे चार टाके, हाताचे.