हप्त्यावरचे तेराशे चार रुपये

पंचवीस लाखांचं गृहकर्ज घ्या. व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता बसतो २१,६९६ रुपये. हा आकडा असा अडनिडा का, असं मला कर्जखात्याच्या काउंटरवर बसून लोक नेहमी विचारायचे. बँक सूत्राने जो येईल तो आकडा घेते, बाकी काही नाही. मी म्हणायचो, तुम्ही तो २३,००० करा. म्हणजे महिन्याला १,३०४ रुपये जास्त.

यावर उत्तर ठरलेलं: “साहेब, तेराशे रुपयांनी पंचवीस लाखांना काय होणार?”

तुलना इथेच चुकते. पहिल्या महिन्याचा उतारा काढून बघा. पंचवीस लाखांवर एका महिन्याचं व्याज १७,७०८ रुपये. २१,६९६ मधून ते गेलं की मुद्दलात जमा होतात फक्त ३,९८८ रुपये. कर्ज कमी करणारे पैसे एवढेच. वरचे १,३०४ मात्र सगळेच्या सगळे मुद्दलात जातात, कारण त्या महिन्याचं व्याज आधीच वसूल झालेलं असतं. म्हणजे हप्ता सहा टक्क्यांनी वाढला, पण मुद्दल फेडण्याचा वेग तेहेतीस टक्क्यांनी. आणि आज जे मुद्दल गेलं, त्यावर पुढे व्याज लागत नाही.

व्याजदर तोच राहिला असं धरून हिशेब पूर्ण करू. २४० हप्त्यांऐवजी कर्ज २०९ हप्त्यांत संपतं, तेही शेवटचा हप्ता अगदी किरकोळ. एकतीस महिने, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त आधी. मूळ हिशेबात व्याज सुमारे २७ लाख ७ हजार जाणार होतं, त्यातले ४ लाख १९ हजार वाचतात. कोणी थेट २५,००० ला गेला तर पंधरा वर्षांच्या आत मोकळा, आणि वाचतात जवळपास साडेआठ लाख. पण तिथे महिन्याला ३,३०० जास्त द्यावे लागतात; ते झेपतील की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

सुरुवात कधी करता याला फार किंमत आहे. दहा वर्षं नेमाने हप्ते भरल्यावर किती कर्ज उरलं असेल? अर्धी मुदत संपली म्हणून साडेबारा लाख म्हणाल. उरलेले असतात साडेसतरा लाख! तेव्हापासून २३,००० भरायला लागलात तर दहा महिने आधी सुटाल आणि वाचतील सुमारे ८१ हजार. फायदा आहेच, पण चार लाख कुठे आणि हे कुठे.

आता जिथे घोळ होतो तिकडे येऊ. एका गृहस्थांनी वर्षभर दर महिन्याला जादा पैसे कर्जखात्यात टाकले. उतारा आणला तर मुद्दल जुन्याच गतीने उतरत होतं. पैसे ‘आगाऊ हप्ता’ म्हणून बाजूला पडून होते, व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालू. म्हणून पहिलं काम अर्जाचं. “माझा मासिक हप्ता २३,००० करावा आणि मुदत त्याप्रमाणे कमी करावी” असं लिहून द्या, शिक्का मारलेली पोच घ्या आणि बँक खात्यातून आपोआप होणारी वजावटही त्या रकमेची करून घ्या. बँक हप्ता वाढवायला तयार नसेल तर जादा रक्कम अंशतः परतफेड म्हणून भरा. काही ठिकाणी त्याला किमान रकमेची अट असते. मग तेराशे रुपये साठवून वर्षातून एकदा भरा, थोडंच नुकसान होतं. फक्त ‘हप्ता कमी की मुदत कमी’ असं विचारलं की मुदत म्हणा. हप्ता कमी करून घेतलात तर सुटका त्याच तारखेला.

तपासायचं कसं? दुसऱ्या महिन्याच्या उताऱ्यात शिल्लक मुद्दल बघा. पहिल्या वाढीव हप्त्यानंतर ते २४,९४,७०८ च्या आसपास हवं. २४,९६,०१२ दिसलं तर तुमचे तेराशे चार कुठेतरी अडकले आहेत.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ठरावीक दराच्या कर्जाचा करारनामा मात्र वाचून घ्या. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर हे तेराशे आधी तिकडे वळवा. तिथलं व्याज कितीतरी पट आहे. घरात तीन-चार महिन्यांचा खर्च शिलकीत नसेल तरीही थांबा, कारण कर्जात गेलेला पैसा सहसा परत काढता येत नाही.

शेवटचं एक, व्याजदराचं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबली. अशा वेळी तुमची वरची रक्कम वाढलेल्या व्याजातच गडप होते, आणि हप्ता बदललेला नसल्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. दर बदलल्याचा संदेश आला की उरलेले हप्ते किती, ते विचारा. उलट दर उतरला आणि बँकेने हप्ता कमी करून दिला, तर जुनाच हप्ता चालू ठेवायला सांगा. इतकी वर्षं तो भरतच होतात, खिशाला वेगळं काही जाणवणार नाही.