ग्राहकाला नेमकं काय कळवायचं?

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या पतपेढीतून ग्राहकांची माहिती चोरीला गेली, तर त्यांना तीन गोष्टी कळवायच्या. काय झालं, काय गेलं आणि आता त्यांनी काय करायचं. पुन्हा सांगतो: काय झालं, काय गेलं, काय करायचं.

पण आधी इक्विफॅक्सचा किस्सा ऐका. अमेरिकेतली ही कंपनी लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवते. २०१७च्या मार्चमध्ये तिच्या वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमधली एक फट बुजवणारी दुरुस्ती आली होती, ती बसवायची राहिली. त्या फटीतून चोर शिरले आणि मेपासून जुलैपर्यंत आत वावरले. चौदा कोटींहून जास्त लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर गेले. कंपनीला सुगावा लागला २९ जुलैला आणि लोकांना सांगितलं ७ सप्टेंबरला! तेही कसं? नेहमीची वेबसाइट सोडून equifaxsecurity2017.com अशी नवीच उघडून. एका प्रोग्रामरला वाटलं, अशी साइट तर कोणीही काढेल. धोका दाखवायला त्याने शब्द उलटसुलट केले आणि securityequifax2017.com नावाची तशीच दिसणारी साइट थाटली. आणि गंमत बघा, कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून ग्राहकांना ही नकली लिंक दिली गेली. एकदा नव्हे, अनेकदा! घरच्यांनाच आपलं दार ओळखता आलं नाही.

म्हणून कळवताना नवी लिंक नको. पासबुकावर छापलेलाच फोन नंबर द्या. नवी लिंक नको, जुनाच नंबर. आणि तो उचलायला माणूस बसवा. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणत सनई ऐकवणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे, पण ते असो.

मजकूर साधारण असा लिहा: ‘१० जूनच्या रात्री आमच्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी बाहेरून शिरलं. तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि पॅन कार्डाची प्रत त्याच्या हाती लागली. खात्यातल्या पैशांना धक्का लागलेला नाही. तुमच्या पॅनवर कोणी कर्ज काढलंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये पाहा. आमच्या नावाने कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका, फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरवर आम्हाला विचारा.’

‘काही माहितीवर परिणाम झाला असण्याची शक्यता’ असलं गुळमुळीत वाक्य नको. पॅन गेलं असेल तर पॅन म्हणा. आधार गेलं की नाही याचा तपास चालू असेल, तर तसं लिहा आणि कळल्यावर दुसरं पत्र पाठवा.

आपल्याकडे २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. ज्याची माहिती गेली त्या प्रत्येकाला साध्या, स्पष्ट शब्दांत आणि विलंब न लावता कळवा, असं ते सांगतात. ही तरतूद लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. तोवर पत्राचा नमुना आणि ग्राहकांचे चालू मोबाइल नंबर तयार ठेवा.