खरेदीखत हातात आलं की आधी धुरे वाचा

नमस्कार मंडळी. आर्वीकडचा एक शेतकरी मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक खरेदीखत घेऊन आला. दोन एकर वावर घ्यायचं होतं. विकणाऱ्यानं ते 2014 साली मूळ मालकाकडून घेतलेलं, आणि त्याच खताच्या भरवशावर सौदा ठरला होता. "रस्ता लागूनच आहे, पूर्वेला पांदण," असं त्यानं सांगितलं होतं.

मी चतुःसीमा मोठ्यानं वाचल्या. पूर्वेस मूळ मालकाचं उरलेलं शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस आणि दक्षिणेस दुसऱ्यांची शेतं. पांदण कुठंच नव्हती. ती होती त्या उरलेल्या शेताच्या पलीकडे. गट मोठा असला आणि त्यातला तुकडा विकला असला की असंच होतं. गट नंबर बरोबर असतो, 0.81 हेक्टर हे क्षेत्रही बरोबर असतं, पण तो तुकडा गटात नेमका कुठं, हे फक्त चतुःसीमाच सांगतात. म्हणून खत घेऊन वावरात जा, चारही धुऱ्यांवर उभं राहा आणि शेजाऱ्यांची नावं विचारा. सीमा चुकीची लिहिली गेली असेल तर विकणारा आणि त्याचा मूळ मालक यांच्या सह्यांचं चूक दुरुस्ती पत्र आधी नोंदवून घ्या. मूळ मालक वारला असेल तर वारसांच्या मागं फिरावं लागतं, म्हणून हे काम सौद्याआधीच व्हावं.

मग मोबदला. त्या खतात चार लाख लिहिले होते. त्यातले अडीच लाख मिळाले, दीड लाख "पुढील तारखेच्या धनादेशानं". तो धनादेश वटला का? वटला नसेल तर बाकी रकमेसाठी मूळ मालकाचा त्या जमिनीवर बोजा राहतो, आणि तो तुमच्यापर्यंत येऊ शकतो. बँकेची नोंद किंवा पैसे पोचल्याची पावती मागा.

मुद्रांक शुल्क मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. दोन्ही आकडे खतात शोधा आणि भरलेलं शुल्क ताडून बघा. कमी भरलेला दस्त, फरक आणि दंड भरेपर्यंत, कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

शेवटची पानं मात्र लोक उलटवतही नाहीत. तिथंच दुय्यम निबंधकाचा शेरा असतो: दस्त क्रमांक, वर्ष, दोन्ही पक्षांचे फोटो, अंगठे, साक्षीदारांच्या सह्या आणि नोंदणी झाल्याचा शिक्का. नोटरीचा लाल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आपल्याकडे कितीतरी लोक तिथंच फसतात. दस्त क्रमांक आणि वर्ष घेऊन सूची दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याची, नक्कल काढा, आणि नावं, गट, क्षेत्र, मोबदला खताशी जुळवा. नोंदणी झाली म्हणून मालकी तपासली गेली असं होत नाही. त्यासाठी सातबारा आणि जुने फेरफार वेगळे बघावे लागतात.

त्या शेतकऱ्यानं इसार देणं थांबवलं. आता पांदणीपर्यंतच्या वाटेचा हक्क उरलेल्या शेताच्या मालकाकडून नोंदवून मिळाला, तरच पुढं बोलू, असा निरोप त्यानं पाठवला आहे.