पावडर, खिडकी आणि आक्काचे तीन फोटो

(छायाचित्रण मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मागचे दिवे घालवा जरा. पंखा राहू दे, पंख्यानं फोटोला काही होत नाही. तर विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच असेल: एकच चेहरा खिडकीच्या उजेडात, दिव्याखाली आणि फ्लॅशवर. चेहरा आमच्या आक्काचा आहे. वय अठ्ठ्याहत्तर, रंग सावळा, स्वभाव सांगत नाही, ती पुढच्याच रांगेत बसली आहे. पण फोटो दाखवायच्या आधी मला पावडरबद्दल बोलायचं आहे.

तालुक्याच्या गावात माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हटलं की आरसा, दोरीला बांधलेला कंगवा आणि पावडरचा डबा. कंगवा दोरीला का, ते कंगवे विकत आणणाऱ्यालाच विचारा. गिऱ्हाईक आत आलं की आधी आरशासमोर. १९८६ साली एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, स्थळासाठी फोटो हवा होता. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस, गालाची हाडं अशी की कुणीही दोन क्षण बघत राहावं. वडील म्हणाले, "जरा उजळ येऊ द्या." मी धंदेवाईक माणूस, डबा पुढे केला. मुलीच्या मावशीनं तिच्या तोंडाला अशी पावडर लावली, जणू गिरणीतून आत्ताच आली आहे. मी समोरून फ्लॅश मारला आणि पोस्टकार्ड साइजच्या सहा कॉप्या काढून दिल्या.

पंधरा दिवसांनी गृहस्थ परत आले. मुलाकडच्यांनी विचारलं होतं म्हणे, "डोकं दुसऱ्या मुलीचं लावलंय का?" चेहरा पांढराफटक, मान सावळी, हात त्याहून सावळे. शिवाय चेहरा पोळपाटासारखा सपाट. गालाची हाडं कुठे गेली, कुणास ठाऊक! पैसे परत केले, शिव्याही खाल्ल्या. आणि वर्षभर मी दोष फ्लॅशला देत होतो. हसू नका, तुमच्यातले निम्मे अजून देतात.

चूक कळायला वेळ लागला. त्वचेवर उजेड पडला की त्याच्या दोन वाटा होतात. थोडा उजेड वरच्यावर, तेलकट थरावरून परततो. ही चकाकी. तिला त्वचेचा रंग नसतो, दिव्याचा असतो. बाकीचा उजेड कातडीत शिरतो, आत घोळतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. ज्याला आपण वर्ण म्हणतो तो हा. गोऱ्या त्वचेतून आतला उजेड भरपूर परत येतो, म्हणून चेहऱ्याची उठावदारी त्याच्या कमीजास्तपणावरूनही कळते. सावळ्या त्वचेतून तो कमी येतो. तिथे गाल गोल आहे, नाकाला धार आहे, हे बरंचसं चकाकी सांगते. आणि मी काय केलं? पावडर लावून नेमकी तीच पुसली! वर समोरून फ्लॅश मारून सावल्याही घालवल्या. चकाकी नाही, सावली नाही, मग चेहऱ्याचा आकार सांगणार कोण? पावडरचे कण मात्र पांढरे, ते फ्लॅशला इमानदारीनं उजळले. सावळ्या चेहऱ्यावर तो राखुंडीचा थर दिसतो ना, तो असा येतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, आणि गेली तीस वर्षं मी ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत आलो आहे: चकाकी पुसू नका, पसरवा. चकाकी म्हणजे उजेडाच्या उगमाचं कातडीवर पडलेलं प्रतिबिंब. उगम छोटा असेल तर कपाळावर पांढरा ठिपका उमटतो, मोठा असेल तर तोच उजेड गालभर सायीसारखा पसरतो. तेल तेवढंच, कातडी तीच.

आता पहिला फोटो. खिडकी. उत्तरेची, तीन फूट रुंद, चार फूट उंच, थेट ऊन येत नाही. आक्का खिडकीपासून तीन फुटांवर, खिडकी तिच्या डावीकडे आणि किंचित पुढे. आयएसओ ४००, एफ ४, सेकंदाचा साठावा भाग. खिडकीची रुंदी आणि अंतर सारखंच आहे, म्हणून उजेड तिच्या गालाला बऱ्याच बाजूंनी कवेत घेतो. डाव्या गालावरची चकाकी बघा. ठिपका नाही, पट्टा आहे, आणि तो कडेला हळूच विरतो. नाकाची सावली कुठे सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. सुरकुत्या आहेत, पण त्या खोदल्यासारख्या वाटत नाहीत.

इथे खिडकीवाल्यांचा एक गैरसमज. खिडकीचा उजेड स्वच्छ असतो म्हणे. अहो, उजळलेली बाजू खिडकीची, पण सावलीची बाजू खोलीची असते! आमच्या जुन्या घरात कमरेच्या वरपर्यंत हिरवा ऑइलपेंट होता, तुमच्याही असेल. फिल्मच्या काळात त्या खोलीत मी भाचीचे फोटो काढले आणि सगळ्या प्रिंटवर जबड्याखाली शेवाळ धरल्यासारखा हिरवट रंग आला. लॅबवाल्याशी भांडलो. त्यानं पुन्हा प्रिंट काढली, हिरवा कमी केला, तर उजळ गाल जांभळट झाला. तिथे ट्यूब पेटायला हवी होती. सगळ्या फोटोला एकच रंग चढला असता तर तो लॅबमध्ये काढता आला असता. गालाचा एक आणि जबड्याचा दुसरा, तर दोष खोलीतच आहे. शेवटी भिंतीवर पांढरं धोतर टांगलं, हिरवा गेला. आक्काच्या फोटोतही उजवीकडे, चौकटीबाहेर, दोन फुटांवर पांढरी चादर आहे. तिच्या जागी काळी घोंगडी धरली तर तीच सावली दुप्पट गडद होते. मी ती धरून बघितली. आक्का म्हणाली, "आता मी विधवेच्या पार्टात का?" म्हणून तो फोटो आणलेला नाही.

चिठ्ठी आली आहे. "दहा मिनिटे. चहा तयार." बरं.

दुसरा फोटो, दिवा. साठ वॅटचा साधा गोळा, तारेचा, उघडा, आक्कापासून तीन फुटांवर, डोळ्यांच्या थोडा वर. उजेड इतका कमी की आयएसओ १६०० करावा लागला आणि एफ ४ ला सेकंदाचा तिसावा भाग. नाकाची सावली बघा, ओठापर्यंत कात्रीनं कापल्यासारखी. चकाकी छोटी, नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका. पण रंग? खिडकीपेक्षा मला तरी हा जास्त आवडतो. तारेच्या दिव्यात तांबडं, पिवळं भरपूर आणि निळं थोडं. सावळ्या त्वचेतून मुळात तांबडंच जास्त परत येतं, म्हणून हळद लावल्यासारखी ऊब येते. कॅमेऱ्यानं व्हाइट बॅलन्स पुरता दुरुस्त केला तर ती ऊब जाते आणि नुसती कडक सावली उरते, म्हणजे दिव्यातलं वाईट तेवढं राहतं. मी अर्धीच दुरुस्ती करतो.

सध्याच्या एलईडीचं मात्र सांभाळा. दिसायला पिवळा, पण स्वस्तातल्या दिव्यात गडद तांबडं तुटपुंजं असतं, ओठ आणि गाल मळकट येतात. पारख सोपी आहे. एक तळवा खिडकीकडे धरा, दुसरा दिव्याखाली. दिव्याखालचा तळवा शिळ्या पोळीसारखा दिसला तर तो दिवा जिन्यात लावा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतील त्याचा आकडा, ९० किंवा वर असेल तर बहुधा ठीक.

आणि दिव्याचा मोठा उस्ताद कोण, तर सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं निरांजन घेतलेल्या बाईचं चित्र, लोक ज्याला हटकून रविवर्म्याचं म्हणतात. ते जलरंगातलं आहे, आणि समोर उभी होती त्यांचीच मुलगी गीता. दिवा खालून आहे. खालून उजेड म्हणजे चेहऱ्याचं भूत व्हायला हवं, पण होत नाही. ज्योत बोटांआड आहे! कडक ज्योत आपल्याला दिसतच नाही, बोटांच्या कडांतून तांबडा उजेड पाझरतो, आणि तळव्यावरून उसळलेला उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर जातो. ज्योतीएवढा उगम तळव्याएवढा झाला. यावर मी तासभर... हो, हो, चिठ्ठी दिसली.

तिसरा, फ्लॅश. कॅमेऱ्यावर बसवलेला, तोंड समोर, सहा फुटांवरून. फ्लॅशचं तोंड काडेपेटीहून थोडं मोठं, म्हणून चकाकी पुन्हा ठिपक्यात: कपाळ, नाक, हनुवटी. रंग दिवसाच्या उजेडासारखा, खोटा नाही. पण उजेड भिंगाच्या बाजूनंच येत असल्यामुळे प्रत्येक सावली त्या त्या वस्तूच्या मागे लपते, आणि दिसते ती एकच, कानामागची, भिंतीवर काळी कड होऊन. आक्काला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवलं असतं तर ती कड एवढी नजरेत भरली नसती, पण भिंत काळवंडली असती. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. लग्नातल्या फोटोत वरमाय भाजलेली आणि मागचे पाहुणे गुहेत, ते यामुळेच.

उपाय घाईत सांगतो. फ्लॅशची मान बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. भिंतीवर जेवढा उजेड पसरेल तेवढी तुमची खिडकी झाली. छताकडे वळवलीत तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. हिरव्या भिंतीकडे वळवलीत तर आमच्या भाचीचा जबडा. उजेड चौथाई किंवा त्याहून कमी उरतो, तेव्हा आयएसओ वाढवा. आणि पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस बसवला की कॅमेरा भिंतीला भुलून सगळा फोटो काळपट करतो, तिथे एक्स्पोजर अधिक एक द्या. माणसाला उजळ करायला नव्हे, आहे तसा आणायला.

हे तिन्ही फोटो मोठे करून मी आक्कासमोर ठेवले आणि कुठला आवडला ते विचारलं. मला वाटलं, खिडकीचा उचलेल. तिनं चष्मा लावला, तिन्ही नीट बघितले आणि फ्लॅशचा उचलला. "यात साडीचे काठ दिसतात रे," म्हणाली. खरंच दिसतात. बाकी दोन्हींत उजवीकडचा काठ सावलीत गेला आहे, माझं लक्षच नव्हतं.

दिवे लावा. आक्का, चहा घेऊन जा.