रात्रपाळी बदलून हवी असेल तर

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आहे पाळीचा. फिरत्या पाळीतून कायमची दिवसपाळी हवी आहे, झोपेच्या विकाराचं निदान झालंय, तर अर्ज कसा करायचा? अर्धा विषय माझ्या एका परिचितांच्या गोष्टीतच येईल, म्हणून तीच आधी सांगतो.

हे गृहस्थ बॉयलरवर ऑपरेटर. दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी लॉगबुकात लिहायची, हे काम. एक आठवडा पहिली पाळी, एक दुसरी, एक तिसरी. रात्रपाळी करून सकाळी आठला आडवे व्हायचे आणि दुपारी बाराला टक्क जागे! घरात शांतता, खिडकीला जाड पडदा, तरी जागेच. त्यांनी अर्ज दिला: ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे रात्रपाळी झेपत नाही.’ पाळ्या लावणारे साहेब म्हणाले, ‘अहो, रात्री झोप कुणाला येत नाही?’ अर्ज परत.

आता साहेबांचंही अगदीच चूक नव्हतं. त्या अर्जावरून त्यांना काय कळणार? (आणि ‘मी चार तासच झोपतो’ असं अभिमानानं सांगणारे साहेब मला कधीच पटले नाहीत, पण ते असो.)

मग हे झोपेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पहिलं काम दिलं ते वहीचं. दोन आठवडे, सुट्टीचे दिवस धरून, कधी आडवा झालो, कधी डोळा लागला, कधी उठलो, सगळं लिहायचं. वहीतून चित्र स्पष्ट झालं. सुट्टीत रात्री सात तास सलग झोप, रात्रपाळीत जेमतेम चार, तीही तुटक. हा त्रास तीन महिन्यांहून जास्त चाललेला होता, म्हणून पाळीच्या कामामुळे होणारा झोपेचा विकार, असं निदान झालं. शरीराचं घड्याळ पाळीबरोबर फिरतच नव्हतं.

खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या अर्जासोबत त्यांनी डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि साहेबांना म्हणाले, ‘माझं लॉगबुक काढा.’ साहेबांनी पानं उलटली. रात्री बाराचे आकडे ठसठशीत. दोनचे जरा तिरके. आणि चारच्या सुमारास अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं, एका पानावर तर एकाच तासाचं रीडिंग दोनदा! पहाटे चारच्या आसपास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, पेंग सगळ्यात जास्त येते. साहेबांनी लॉगबुक मिटलं आणि विचारलं, ‘कधीपासून बदलू?’

दुसऱ्या अर्जासोबतच्या पत्रात वेगळं काय होतं? नीट ऐका, कारण महत्त्वाचं हेच आहे. डॉक्टरांनी नुसतं ‘विकार आहे’ एवढंच लिहिलं नव्हतं. कोणत्या वेळेत काम जमेल आणि कोणत्या वेळेत धोका आहे, ते लिहिलं होतं. पुन्हा सांगतो, विकाराच्या नावाइतकीच कामाची वेळ महत्त्वाची.

त्याचा प्रत्ययही लगेच आला. साहेबांनी दिवसपाळी म्हणून सकाळी सहाची पहिली पाळी दिली. त्यासाठी पहाटे साडेचारला उठायचं, म्हणजे झोपेचा शेवटचा तुकडा पुन्हा गेला. पत्रात ‘सकाळी आठच्या आधी सुरू होणारं काम नको’ असं स्पष्ट होतं, म्हणून त्यांना जनरल शिफ्ट मागता आली. ज्यांना मुळातच रात्री उशिरा झोप लागते, त्यांना तर सहाची पाळी रात्रपाळीइतकीच भारी पडते.

एक तपासणी मात्र टाळू नका. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतोय असं घरचे सांगत असतील, तर झोपेची चाचणी करून घ्या. तो त्रास पाळी बदलून जात नाही. दिवसपाळी मिळूनही दिवसा पेंग येत राहिली, तर कारण दुसरंच निघू शकतं.

अर्जात आणखी एक मुद्दा या गृहस्थांनी घातला होता: तीन महिने बदल करून पाहू, मग फेरविचार करू. कायमचा होकार द्यायला अवघडणारे साहेब तीन महिन्यांना तयार होतात. पण आपल्या रात्री कोण घेणार, हा प्रश्न येणारच. यांनी सहकाऱ्याशी आधी बोलून रविवारच्या दिवसपाळ्या स्वतःकडे घेतल्या आणि ते अर्जात लिहिलं. रात्रपाळीचा भत्ता बंद झाला, त्याची तयारी घरी आधीच झाली होती.

अर्जाची पोच घ्या, उत्तर लेखी मागा. आणि फेरविचाराची तारीख यायच्या आधी डॉक्टरांकडे वही घेऊन पुन्हा जा, नव्या पाळीतली दोन आठवड्यांची झोप त्यात लिहिलेली असू द्या. नमस्कार.