मान वाकतेय म्हणून निश्चिंत होऊ नका

नमस्कार मंडळी. मी वॉर्डात ड्यूटी करणारी सिस्टर, त्यामुळे आज भाषण वगैरे नाही, एका पेशंटची एक रात्र सांगते. नाव-गाव काढून टाकलंय आणि दोन-तीन पेशंटचं मिळून एक केलंय, पण घडतं ते असंच.

चोवीस वर्षांचा मुलगा. सकाळपासून ताप, डोकं जाम दुखतंय, दोनदा उलटी. घरच्यांना वाटलं फ्लू असेल, गोळी देऊन झोपवला. संध्याकाळी आईने काहीतरी विचारलं तर उत्तर भलतंच द्यायला लागला, लाईट लावली की डोळ्यावर हात घ्यायचा, तेव्हा कुठे त्याला कॅज्युअल्टीत आणलं. मेंदूच्या आवरणाला बॅक्टेरियाची लागण, म्हणजे मेनिंजायटीस झाला की जे होतं ते हेच. यात ताप, डोकेदुखी, मान आखडणं आणि भान बदलणं या चार गोष्टी बघायच्या असतात, आणि चारही एकदम दिसायलाच पाहिजेत असं अजिबात नाही, बहुतेक मोठ्या माणसांत यातल्या किमान दोन सापडतात. तान्ह्या बाळाचं गणित वेगळं, त्याची मान बऱ्याचदा मऊच असते, तिथे टाळू फुगलीय का, बाळ दूध ओढत नाहीये का, रडणं किंचाळल्यासारखं आहे का, नुसतंच मलूल पडलंय का, हे बघायचं.

आता मानेचं. लोक काय करतात, पेशंटला बसवतात आणि म्हणतात हनुवटी छातीला लाव बघू, तो कशीबशी लावतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात! नीट पद्धत अशी की पेशंटला उताणं झोपवायचं, उशी काढायची, अंग सैल सोडायला सांगायचं आणि डोक्याखाली हात घालून आपण स्वतः हळूहळू मान पुढे वाकवायची. आवरणाला सूज असेल तर पुढे वाकवताना मान अडते आणि दुखते, पण डाव्या-उजव्या बाजूला बरीचशी मोकळी फिरते. नुसती स्नायू आखडल्याने मान धरली असेल तर ती सहसा बाजूला वळवतानाही दुखते. (पेशंट पडलाबिडला असेल, मानेला मार लागल्याचा संशय असेल तर मानेला हातच लावायचा नाही हं.)

याच्या जोडीला दोन जुन्या टेस्ट आहेत. कर्निगच्या टेस्टमध्ये मांडी पोटाशी काटकोनात आणून गुडघा सरळ करायला जायचं, पाय अडला किंवा पाठीत-मांडीमागे कळ आली तर पॉझिटिव्ह. ब्रुडझिन्स्कीच्या टेस्टमध्ये आपण मान वाकवतो आणि पेशंटचे गुडघे आपोआप वर येतात. शिकताना वाटतं याच्यावरच सगळं ठरतं, पण 2002 साली आलेल्या एका अभ्यासात मेनिंजायटीस असलेल्या मोठ्या माणसांत या दोन्ही टेस्ट 100 पैकी जेमतेम 5 जणांत पॉझिटिव्ह निघाल्या आणि मान ताठ होती ती 30 जणांत. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिचं ऐकायचं, निगेटिव्ह आली तर तिच्या भरवशावर पेशंटला घरी पाठवायचं नाही. आमच्या मुलाची मान थोडीशीच अडत होती, कर्निग काहीच नव्हतं. अंगावर लालसर-जांभळे ठिपके असतील तर काचेचा ग्लास दाबून बघायचा, दाबूनही जात नसतील तर धावपळ करायची. सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाहीत म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू बघायची.

तर या मुलाचं ब्लड कल्चर काढलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं, त्याच्यासोबतच डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड. तो गोंधळलेला होता म्हणून पाठीतलं पाणी काढायच्या आधी डोक्याचा सीटी करायचं ठरलं, मेंदूत एका बाजूला दाब असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकण्याची भीती असते. पण सीटीसाठी थांबायचं म्हणून औषध थांबवायचं नाही, हे अधोरेखित करून ठेवा.

सीटी ठीक आला. मग तयारी. घरच्यांना समजावून सही घेतली, कारण एक प्रश्न हमखास येतोच, सिस्टर पाठीत सुई टोचल्यावर पाय जातात का हो? मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते, म्हणून ती भीती बरीचशी अनाठायी. प्लेटलेट किती आहेत, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, टोचायच्या जागी जखम-पू आहे का, हे विचारलं, लघवी करून घ्यायला लावली. रक्तातली साखरही त्याच वेळी तपासली, कारण पाण्यातली साखर तिच्याशी ताडून बघायची असते. मग कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. इथे सिस्टरचं खरं काम म्हणजे पेशंटला त्या स्थितीत धरून ठेवणं, आणि एकीकडे त्याच्या श्वासाकडे, रंगाकडे लक्ष.

पाणी गढूळ आलं. प्रेशर 32 सेंटीमीटर, साधारण 25 च्या वर जास्तच म्हणतात. बाटल्यांवर नंबर टाकून लगेच लॅबला दिल्या, कारण पेशी तासा-दोन तासांत मोडायला लागतात, आणि कल्चरची बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, काही जंतू थंडीने मरतात. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 2400 आल्या, त्यात बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे बॅक्टेरियाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि रक्तात साखर 110 असताना पाण्यात फक्त 20. नॉर्मलला पेशी 5 च्या आत आणि साखर रक्ताच्या साधारण दोन तृतीयांश असते.

आता पाणी काढल्यानंतरची गोष्ट. सपाट झोपवून ठेवलं की डोकं दुखत नाही ही समजूत अजून बऱ्याच ठिकाणी पाळली जाते, पण सक्तीने आडवं ठेवल्याने ती डोकेदुखी टळते असं दिसलेलं नाही. ती टळायला बारीक, बोथट टोकाची सुई जास्त उपयोगी. ती डोकेदुखी ओळखायला सोपी, उठून बसलं की वाढते, आडवं झालं की कमी होते, आणि सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. पण आडवं असतानाही दुखणं वाढतंय, उलट्या होतायत, झोप येतेय, तर ती सुईची डोकेदुखी म्हणून सोडू नका. आमच्या मुलाच्या डोक्यात दाब जास्तच होता, म्हणून त्याचा बेड डोक्याकडून 30 डिग्री वर केला. टोचलेल्या जागेतून पाणी झिरपतंय का, पाठ जास्त दुखतेय का, पायाला मुंग्या-कमजोरी आहे का, लघवी अडलीय का, हे पण बघायचं, कारण आत रक्त साचलं तर असंच दिसतं.

पहिले काही तास मी दर पंधरा मिनिटांनी बघत होते. ग्लासगो स्कोअर, म्हणजे डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मार्क, पूर्ण 15. संध्याकाळी तो 14 होता. अकराच्या सुमाराला 13 झाला, हाक मारल्याशिवाय डोळे उघडेना. मी लगेच डॉक्टरांना कळवलं, ते येईपर्यंत 11. नाडी 104 वरून 58 वर आलेली, बीपी 120 वरून 170 वर गेलेलं. नाडी हळू आणि बीपी वर, हे डोक्यातला दाब वाढल्याचं लक्षण, पण ते उशिरा येतं, म्हणून मी त्याची वाट बघत बसत नाही, भान घसरलं की तिथेच हाक मारते. डॉक्टरांनी दाब उतरवायचं औषध दिलं, आयसीयूत हलवला, पहाटेपर्यंत स्कोअर 14 वर आला.

तिथे पुढचे दिवस लघवी-पाण्याचा हिशोब आणि रक्तातलं सोडियम बघायला लागलं, कारण या आजारात सोडियम घसरून फिट येऊ शकते. खोली अंधारी आणि शांत ठेवली, अँटिबायोटिकचे पहिले 24 तास मास्क लावूनच आत जायचं. जंतू मेनिंगोकोकस निघाला म्हणून आई-बाबांना आणि त्याच्या रूममेटला पण प्रतिबंधक गोळ्या दिल्या, अगदी जवळ राहणाऱ्यांनाच, अख्ख्या शेजाराला नाही. आणि डिस्चार्जच्या वेळी कानाची तपासणी करून घेतली, या आजारात ऐकू येणं कमी होऊ शकतं आणि पेशंटच्या ते स्वतःच्या लक्षात येतंच असं नाही.