पोती भरून झाल्यावर

(दृश्य: ओढा, सकाळ. काठावर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांचा ढीग.)

ऑक्टोबर लागलाय. ओढ्याचं पाणी अजून वाहतंय, पण धार बारीक झाली आहे. वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, घालायची वेळ हीच. महिनाभर आधी घातला तर परतीच्या पावसात वाहून जाईल. दोन महिन्यांनी घातला तर अडवायला पाणीच उरणार नाही.

आणि नेमकी इथेच बहुतेक महाविद्यालयांची अडचण होते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. हे शिबिर लागतं परीक्षा आटोपल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. तोवर अनेक ओढे कोरडे पडलेले असतात. बंधारा होतो, फोटो निघतात, अहवाल जातो. पाणी मात्र येत नाही.

उपाय तसा साधा आहे. बंधारा शिबिरासाठी राखून ठेवायचा नाही. तो ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी, नियमित तासांतून घालायचा. शिबिराचे सात दिवस दुसऱ्या कामाला लागतात, त्याकडे पुढे येऊ.

(दृश्य: पोती भरणारे हात.)

सहा मीटर रुंद ओढा धरू. बंधारा एक मीटर उंच, तळाला दीड मीटर रुंद, माथ्याला साठ सेंटीमीटर. यात साधारण सव्वासहा घनमीटर माती बसते. एका पोत्यात तीस लिटर धरली तर दोनशे दहा पोती. फाटणारी धरून अडीचशे गोळा करावीत. पोतं पाऊण भरायचं आणि सुतळीने शिवायचं. गच्च भरलेलं पोतं गोल राहतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही, आणि त्या फटीतून पाणी निसटतं. थर विटांसारखे, सांधा मोडून लावायचे. पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा लेप द्यायचा. बंधारा बहुधा मधून फुटत नाही, कडेने फुटतो. म्हणून दोन्ही टोकं काठात खणून आत घ्यायची.

इथवर झालं ते श्रमदान. त्यातून नागरिक घडायचा तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो: हे पाणी कोणाच्या विहिरीला लागलं? खालच्या शेतकऱ्याचं कमी झालं का? हे त्याला आधी विचारलं होतं का?

(दृश्य: विहिरीच्या कठड्यावर रंगाची खूण, हातात मोजपट्टी.)

उत्तर मोजून मिळतं. बंधाऱ्याजवळच्या दोन विहिरी घ्यायच्या आणि एक मुद्दाम लांबची. कठड्यावर रंगाने खूण करायची, दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. तेही सकाळी, मोटार सुरू होण्याआधी. उपसा चालू असताना घेतलेला आकडा फसवा असतो. दर पंधरवड्याला एक नोंद पुरते. पावसाळ्यानंतर पातळी सगळीकडेच उतरते. पण लांबची विहीर चार फूट उतरली आणि जवळची दोनच, तर बंधाऱ्याने काही केलं असावं. दोन्ही सारख्याच उतरल्या, तर तेही वहीत लिहायचं. एका वर्षाच्या तीन विहिरींवरून याहून मोठा निष्कर्ष काढू नये.

(दृश्य: ग्रामपंचायतीची भिंत, सूचनाफलक.)

आता शिबिराचे सात दिवस. सकाळी गाळ काढणं, दुपारी घरोघरी पाण्याची पाहणी, रात्री आढावा. पाहणीत बायकांशी वेगळं बोलावं लागतं; पाणी कोण आणतं आणि किती लांबून, हे ओट्यावर बसलेल्या पुरुषांकडून कळत नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिच्यापुढे हे आकडे आधी ठेवावेत.

ग्रामसभेत विद्यार्थ्यांना मत नाही. सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीतले लोक. म्हणून माहिती विद्यार्थ्यांनी मांडायची, ठराव मात्र गावकऱ्याने सुचवायचा आणि दुसऱ्या गावकऱ्याने अनुमोदन द्यायचं. विषय आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. ऐनवेळी काढलेला विषय सहसा चहाबरोबर संपतो. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण लागतात, यांतली कमी असेल ती संख्या. सभा संपली की ठराव इतिवृत्तात नीट उतरला का, हे वाचून घ्यायचं. ‘पाण्यावर चर्चा झाली’ एवढंच लिहिलं असेल, तर ठराव झालेला नाही. कोणत्या ओढ्यावर, काय काम, आणि ते विकास आराखड्यात घ्यायचं, इतकं तरी त्यात हवं.

(दृश्य: एसटीत बसलेले विद्यार्थी.)

दत्तक गाव दुसऱ्याचं असतं. या मुलांतल्या अनेकांचं स्वतःचं गाव तालुक्यात कुठेतरी असतं आणि तिथली ग्रामसभा त्यांनी पाहिलेलीही नसते. तिथे मत द्यायचं तर आधी यादीत नाव लागतं. त्यासाठी नमुना ६. सतरा पूर्ण झाल्यावर अर्ज आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण झालेली असतील, त्या तारखेनुसार नाव यादीत येतं. हा अर्ज शिबिरातल्या शेवटच्या रात्रीच्या आढाव्यातच भरून घेता येतो. त्यासाठी वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा आणि फोटो मुलांना घरून निघतानाच आणायला सांगावा लागतो.